z² मुळे जाळी वाकते, पण कोन टिकतात: पडताळणीत होणाऱ्या चुका टाळा

w = z² हे फलन काटकोनी चौकटींच्या जाळीवर लावून चित्र काढले की पहिली शंका हमखास हीच येते: सरळ रेषा वाकल्या, मग कोन जपले गेले असे कशाच्या आधारावर म्हणायचे? या शंकेच्या मुळाशी असलेली समजूत आधी दुरुस्त करावी लागते. z² सारखे वैश्लेषिक, म्हणजे संमिश्र अवकलज असलेले, फलन रेषांचा सरळपणा जपत नाही. दोन वक्र एका बिंदूत छेदतात तेव्हा त्यांच्या स्पर्शिकांमधला कोन ते जपते, आणि तेही ज्या बिंदूवर अवकलज शून्य नाही तिथेच.

कारण अवकलजाच्या व्याख्येतच आहे. z मध्ये अगदी लहान बदल h केला, तर w मध्ये होणारा बदल जवळजवळ f′(z)·h इतका असतो, आणि फलन वैश्लेषिक असल्यामुळे h कोणत्याही दिशेने घेतला तरी f′(z) ही संख्या तीच राहते. संमिश्र संख्येने गुणणे म्हणजे तिच्या कोनांकाइतके फिरवणे आणि तिच्या मापांकाच्या पटीत ताणणे. बिंदूतून निघणाऱ्या सगळ्या दिशा सारख्याच कोनातून फिरतात, म्हणून त्यांच्यातला कोन बदलत नाही.

आता z = 1 + i हा बिंदू घेऊ. z = x + iy आणि w = u + iv लिहिल्यास u = x² − y² आणि v = 2xy. उभी रेषा x = 1 हिचे u = 1 − v²/4 असे डावीकडे उघडणारे अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला, होते; आडवी रेषा y = 1 हिचे u = v²/4 − 1 असे उजवीकडे उघडणारे होते. दोन्हींची नाभी आरंभबिंदूच आहे. w = 2i येथे, म्हणजे v = 2 असताना, du/dv च्या किमती अनुक्रमे −1 आणि 1 येतात; त्यांचा गुणाकार −1, म्हणून काटकोन. अवकलजही हेच सांगतो: f′(z) = 2 + 2i, त्यामुळे दोन्ही दिशा 45° फिरल्या, आडवी 45° वर आणि उभी 135° वर गेली.

इथपर्यंत बरोबर आलेले पुष्कळजण पडताळणीत अडकतात, कारण ते स्पर्शिकेऐवजी जीवा मोजतात. 0.1 बाजूच्या चौकटीचे 1.1 + i आणि 1 + 1.1i हे कोपरे 0.21 + 2.2i आणि −0.21 + 2.2i येथे जातात. ते 2i ला सरळ रेषांनी जोडून कोन मोजला तर सुमारे 92.8° येतो, आणि प्रमेयच खोटे आहे असे वाटू लागते. बाजू 0.01 घ्या, कोन सुमारे 90.3° होतो. बाजू दहापट लहान केल्यावर चूकही जवळजवळ दहापट घटली, याचा अर्थ ती मोजण्याच्या पद्धतीतली आहे, फलनातली नाही. बाजू कितीही लहान केली तरी फरक तेवढाच राहिला, तर मात्र आकडेमोडीत खरी चूक शोधावी. जाळी काढतानाही केवळ कोपरे जोडू नयेत. प्रत्येक रेषेवर पुरेसे बिंदू घेऊन त्यांची चित्रे काढावीत.

दुसरा घोटाळा पडद्यावर होतो. दोन्ही अक्षांचे प्रमाण वेगळे असेल, समजा u ची दिशा दुप्पट ताणली गेली, तर 2i पाशी वरच्या बाजूचा काटकोन सुमारे 127° दिसतो. हे ताणणे दोन दिशांना वेगवेगळे आहे, म्हणजे कोन जपणारे नाही, आणि ते आपल्या फलनानंतर नकळत लावले जाते. मॅटप्लॉटलिब वापरत असाल तर `ax.set_aspect("equal")` ही ओळ लिहिल्याशिवाय कोनांबद्दल काहीही ठरवू नये.

z = 0 हा बिंदू मात्र खरा अपवाद आहे. तिथे f′(z) = 2z शून्य होतो, म्हणून वरचा युक्तिवाद लागूच पडत नाही. z चा कोनांक θ असेल तर z² चा 2θ होतो. त्यामुळे आरंभबिंदूपाशी प्रत्येक कोन दुप्पट होतो. दोन अक्षांमधला 90° चा कोन 180° होतो: संपूर्ण x-अक्ष दुमडून u ≥ 0 या अर्ध्या रेषेवर बसतो आणि y-अक्ष u ≤ 0 वर. जाळी आरंभबिंदूतून जात असेल तर तिथला हा दुमड कोड बिघडल्याचे लक्षण समजू नये.

जाळी आरंभबिंदूच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. z आणि −z यांचा वर्ग एकच असल्यामुळे x = 1 आणि x = −1 या दोन्ही रेषांचे अन्वस्त एकच येते, आणि चित्रात रेषा कमी झाल्यासारख्या वाटतात. त्या एकमेकींवर पडलेल्या असतात. कोणती वक्ररेषा कोणत्या रेषेतून आली हे पाहायचे असेल, तर जाळी x > 0 या अर्ध्या प्रतलातच ठेवावी. तिथे दोन वेगळ्या बिंदूंची चित्रे कधी एक होत नाहीत, आणि अवकलजही कुठेच शून्य होत नाही.