अहमदनगरचे अहिल्यानगर करताना: लोगोमधील एकच शब्द बदलण्याची तयारी

2024 मध्ये अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, आणि ज्या संस्थांच्या लोगोमध्ये जुने नाव होते त्यांच्यासमोर एक बारीक काम उभे राहिले: बाकी सर्व जागच्या जागी ठेवून एकच शब्द बदलायचा, आणि तोही असा की लोगो पहिल्यापासून तसाच होता असे वाटावे. उदाहरणासाठी आपण एक काल्पनिक लोगो घेऊ. डावीकडे गोल चिन्ह आहे, त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत देवनागरी ‘अहमदनगर’ आणि त्याखाली रोमन कॅपिटल अक्षरांत AHMEDNAGAR आहे, तर सर्वांत खाली लहान अक्षरांत ‘सार्वजनिक वाचनालय’ आणि PUBLIC LIBRARY या दोन ओळी आहेत.

सर्वप्रथम संस्थेकडून बदलाची लेखी परवानगी आणि लोगोची मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा धूसर न होणारी रेषांची फाइल, मागून घ्यावी. मूळ फाइल हरवली आहे असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. पण संस्थेच्या लेटरहेडची किंवा वार्षिक अहवालाची छपाईला गेलेली पीडीएफ मिळाली, तर तिच्यात लोगो अनेकदा व्हेक्टर स्वरूपातच दडलेला असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या जेपीजीवरून मापे घेऊ नयेत. त्या चित्रात अक्षराची कड धूसर झालेली असते आणि उभ्या दांड्याची जाडी नेमकी किती, हे सांगता येत नाही. पुढचे सगळे काम तर त्याच जाडीवर उभे आहे.

फाँट ओळखण्याचा प्रयत्न अवश्य करावा, पण ओळखलेल्या फाँटवर डोळे झाकून विसंबू नये. जुने मराठी लोगो अनेकदा श्रीलिपीसारख्या डीटीपी फाँटमधून केलेले असतात, आणि सारख्याच नावाच्या नव्या युनिकोड फाँटमध्ये अक्षरांची वळणे थोडी वेगळी असू शकतात. शिवाय मूळ कलाकाराने अक्षरे आउटलाइन करून, म्हणजे फाँटपासून सोडवून साध्या आकारांत बदलून, हातानेही सुधारलेली असू शकतात. म्हणून फाँटमधून आणलेले ‘नगर’ मूळ ‘नगर’वर ठेवून पाहावे. कडा तंतोतंत जुळल्या तरच नवी अक्षरे त्या फाँटमधून घ्यावीत. युनिकोड फाँट वापरत असल्यास मजकुराची भाषा मराठी ठेवावी, म्हणजे फाँटमध्ये मराठी वळणाचे पर्यायी आकार असतील तर तेच येतील.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते: जुन्या शब्दातले काय हलवायचेच नाही, हे ठरवणे. रोमनमध्ये AHMEDNAGAR आणि AHILYANAGAR या दोन्ही शब्दांची सुरुवात AH ने होते आणि शेवट NAGAR ने. हे दोन्ही तुकडे त्यांच्या आतल्या अंतरांसह जसेच्या तसे उचलावेत आणि त्यांतील एकाही अक्षराला हात लावू नये. मध्ये भरायची अक्षरे चारच उरतात: I, L, Y आणि A. त्यांपैकी A मूळ शब्दातच आहे. I, L आणि Y खालच्या LIBRARY या शब्दात आहेत, पण ती मोठी करून थेट वापरता येतील असे गृहीत धरू नये, कारण लहान आकारातली ओळ नीट वाचता यावी म्हणून तिचे वजन, म्हणजे रेषांची जाडी, बहुधा किंचित जास्त ठेवलेले असते. LIBRARY मधला I वाढवून H च्या उंचीचा करावा आणि दोघांच्या दांड्याची जाडी मोजावी. H ची उंची 100 एकक धरली आणि त्याचा दांडा 18 एकक निघाला, तर वाढवलेला I 20 किंवा 21 निघणे अगदी शक्य आहे. तसे असेल तर LIBRARY वरून केवळ अक्षराचे वळण आणि टोकांचा छेद घ्यावा आणि जाडी मूळ H वरून घ्यावी.

बेसलाइन, म्हणजे अक्षरे ज्या रेषेवर उभी असतात ती रेषा, H, N किंवा R च्या सपाट पायावरून आखावी, G वरून कधीही नाही. G सारखे गोल अक्षर बेसलाइनच्या किंचित खाली आणि वरच्या रेषेच्या किंचित वर जाते, आणि हा फरक बहुधा उंचीच्या एक-दोन टक्क्यांचा असतो. तो फरक चूक समजून G दोन्ही रेषांच्या आत बसवला, की ते अक्षर शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसू लागते.

अंतरांचे काम वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, कारण हवी असलेली बहुतेक अंतरे जुन्या शब्दातच सापडतात. H आणि M यांच्यामधले अंतर हे दोन उभ्या दांड्यांमधले अंतर आहे. H–I आणि I–L यांनाही तेच लागते. A नंतर N येतो तिथे तिरकी बाजू आणि उभा दांडा समोरासमोर येतात, आणि नेमकी तीच स्थिती सुरुवातीच्या A–H मध्ये आहे. म्हणून ते अंतर तिथून घ्यावे. खरोखर नव्याने ठरवायच्या जागा दोनच राहतात, L–Y आणि Y–A. L च्या उजवीकडे वर मोकळी जागा असते आणि Y च्या खाली दोन्ही बाजूंना. त्यामुळे L–Y मध्ये साधे अंतर ठेवले तर शब्द तिथे तुटल्यासारखा दिसतो. Y ची डावी भुजा L च्या पायाच्या टोकाच्या उभ्या रेषेपर्यंत किंवा किंचित आत येऊ द्यावी. तरीही पोकळी उरलीच, तर L चा पाय दांड्याच्या निम्म्या जाडीइतका आखूड करावा. अक्षरलेखनात ही सवलत नेहमीचीच आहे. Y–A मध्ये दोन तिरक्या बाजू जवळजवळ समांतर धावतात, म्हणून A चा पाय Y च्या भुजेखाली बराच आत शिरतो. येथे दोन टोकांमधले आडवे अंतर मोजण्यात अर्थ नाही. मधल्या पांढऱ्या पट्ट्याचे क्षेत्रफळ H–M मधल्या पांढऱ्या पट्ट्याशी ताडून पाहावे. शेवटचा निर्णय डोळ्यांवर सोडावा, पण तो शब्द उलटा करून घ्यावा, म्हणजे वाचण्याची सवय आड येत नाही.

देवनागरी ओळीत बेसलाइनचे काम शिरोरेखा करते. तिच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कडांना मार्गदर्शक रेषा घालाव्यात आणि तिसरी रेषा न आणि ग यांच्या दांड्याच्या पायावरून घ्यावी, कारण ह खाली उतरतो आणि त्याच्यावरून माप घेतल्यास सगळी ओळ फसते. येथेही ‘नगर’ अखंड उचलावे आणि पहिला अ त्याच्या जागी ठेवावा. मग मध्ये ‘हिल्या’ बसवायचे राहते. ह जुन्या शब्दातला आहे. वेलांटी, ल, य आणि काना यांची वळणे ‘सार्वजनिक वाचनालय’ या ओळीत सापडतात.

जुन्या ‘अहमदनगर’मध्ये दोन दांडे कुठेही लागोपाठ येत नाहीत. ‘अहिल्यानगर’मध्ये ते दोनदा येतात: अ चा दांडा आणि त्याच्या पाठोपाठ वेलांटीचा दांडा, आणि पुढे य चा दांडा आणि काना. या अंतराचा नमुना मोठ्या शब्दात नाही, म्हणून तो ‘वाचनालय’मधल्या ‘ना’वरून घ्यावा, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, तर दांड्याच्या जाडीच्या पटीत. तिथे दोन दांड्यांमधली मोकळी जागा जाडीच्या पावणेदोन पट असेल, तर वरही पावणेदोन पटीपासून सुरुवात करावी आणि मोठ्या आकारात ती सैल वाटली तर थोडी कमी करावी. दोन्ही ठिकाणी अंतर जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. एक जरी सैल राहिले तरी तो भाग मागाहून घातलेला आहे हे लगेच कळते.

वेलांटीबाबत आणखी एक काळजी घ्यावी. ‘सार्वजनिक’मधली वेलांटी न साठी बेतलेली असते आणि तिची कमान न च्या उजव्या दांड्यावर येऊन टेकते. ह शिरोरेखेला जिथे मिळतो ती जागा वेगळी असल्याने तीच कमान ह वर ठेवली तर तिचे टोक पुढे जाऊन अर्ध्या ल वर लोंबकळते. कमान आखूड करावी, पण तिची जाडी आणि टोकाचा छेद तसाच राहू द्यावा. जुन्या शब्दात शिरोरेखेच्या वर काहीच नव्हते, आता ही कमान वर येते. म्हणून लोगोभोवती ठेवायच्या मोकळ्या जागेचे माप नव्याने तपासावे. कमानीला जागा करून देण्यासाठी शिरोरेखा मात्र खाली सरकवू नये, कारण चिन्हाशी तिचे जे नाते जमलेले आहे तेच लोगोची ओळख आहे.

आता दोन्ही ओळींची रुंदी मोजावी, कारण येथे एक अनपेक्षित गोष्ट घडते. रोमन शब्दात दहाऐवजी अकरा अक्षरे झाली, तरी M, E आणि D ही तुलनेने रुंद अक्षरे जाऊन I आणि L आल्यामुळे, आणि Y–A एकमेकांत शिरल्यामुळे, शब्द बहुधा आखूड होतो. वरच्या मापांच्या साध्या सेरिफविरहित फाँटमध्ये जुना शब्द सुमारे 974 एकक भरला, तर नवा सुमारे 931 एकक भरू शकतो. देवनागरी शब्द मात्र लांबतो. जुन्या लोगोत दोन्ही ओळी समान रुंदीच्या असतील, तर आता त्या विरुद्ध दिशांना सरकतात. अशा वेळी कोणतीही ओळ आडवी ताणू नये. ताणल्याने उभे दांडे जाड होतात आणि आडव्या रेषा तशाच राहतात, आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत दिसते. देवनागरीत अक्षरे पसरवण्याचाही मार्ग नाही, कारण शिरोरेखा तुटते किंवा तिला जोड द्यावे लागतात. माझ्या मते देवनागरी ओळ प्रमाण मानावी आणि रोमन ओळ उंची-रुंदीसह एकसमान मोठी करावी. ही वाढ चार-पाच टक्क्यांपर्यंत असेल तर डोळ्यांना सहसा जाणवत नाही. फरक त्याहून जास्त असेल तर समान रुंदीचा आग्रह सोडून दोन्ही ओळी डावीकडून जुळवाव्यात आणि हा बदल संस्थेला आधीच दाखवून मंजूर करून घ्यावा.

शिरोरेखेचे तुकडे एकत्र करताना ते एकमेकांवर थोडे चढवावेत आणि मगच जोडावेत; नुसते टोकाला टोक लावल्यास पडद्यावर केसासारखी पांढरी फट दिसते. जोडल्यानंतर आउटलाइन दृश्यात शिरोरेखेवर अनावश्यक बिंदू उरलेले नाहीत ना, हे पाहावे. नंतर नवा लोगो जुन्यावर वेगळ्या रंगात पारदर्शक करून ठेवावा. रोमन ओळीचा आकार बदलला नसेल तर AH अचूक झाकले गेले पाहिजे, आणि NAGAR तसेच ‘नगर’ केवळ आडवे सरकलेले दिसले पाहिजे. कुठेही वर-खाली रंगीत कड डोकावली, तर बेसलाइन किंवा शिरोरेखा हलली आहे असे समजावे.

शेवटची तपासणी संस्थेच्या प्रत्यक्ष वापराच्या आकारात करावी, आणि त्यात रबरी शिक्का विसरू नये. शिक्क्यावर शाई पसरते, आणि ‘ल्या’मधली अर्धा ल आणि य यांच्यामधली फट सर्वांत आधी भरते, जुन्या शब्दात इतकी अरुंद जागा नव्हती. तेथे ती फट भरत असेल तर मुख्य लोगो न बदलता शिक्क्यासाठी थोडी मोकळी अशी स्वतंत्र प्रत करावी आणि फाइलच्या नावातच तसे लिहावे, म्हणजे तीच प्रत पुढे फलकासाठी मोठी केली जाणार नाही.