रायफल मुलीच्या मापाची आहे का?

दहा मीटर एअर रायफल शिकायला आलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी क्लबची मोठ्यांची रायफल उचलते तेव्हा तिचं डोकं मागे जातं, पाठ वाकते आणि ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोचतं. आपण तिला ‘सरळ उभी राहा’ म्हणत राहतो, पण चूक मापाची असते.

ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे लेंथ ऑफ पुल. रायफल रिकामी असल्याची खात्री करा. कोपर काटकोनात वाकवून बट प्लेट कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज बसलं, तर माप साधारण जमलं. समजा, अंतर 34 सेंटिमीटर आहे आणि बोट दोन सेंटिमीटर कमी पडतंय. मग बट प्लेट आत सरकवा किंवा मधले स्पेसर काढा. हा अंदाज आहे. पक्कं माप शूटिंग जॅकेट घालूनच घ्या, कारण जाड जॅकेटमुळे आणखी थोडं कमी करावं लागतं.

त्यानंतरच गालाची पट्टी लावा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. मान न हलवता साइट दिसली पाहिजे.

वजनाला मात्र स्क्रूचा उपाय नाही. नियमात कमाल 5.5 किलो चालतं, म्हणून तेवढं हवंच असं नाही. नळीवरची जादा वजनं काढा. तरीही पाच-सहा शॉट्सनंतर नळी खाली झुकत असेल, तर हलकी रायफल द्या किंवा काही महिने स्टँडच्या आधाराने नेम धरू द्या.