फाउंटन पेन विकायला काढताना त्याची नोंद कशी लिहावी

वापरलेल्या फाउंटन पेनची नोंद बहुतेक जण दोन ओळींत उरकतात: "निब एफ, लिहायला एकदम स्मूथ, कन्व्हर्टर बसतो." यातून घेणाऱ्याला काहीही कळत नाही. रेघ किती जाड येईल, शाई कशी भरायची आणि आपल्या वहीवर ती फुटेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदीत असली की ते पेन योग्य हातात जाते आणि परतही येत नाही.

पेन साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, ताजी शाई भरून ठेवा. पेनचे फोटो दिवसाउजेडी काढा. निबचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने हवाच.

आता निब. सगळी नोंद इथेच फसते आणि मलाही सगळ्यात जास्त छळले ते याच पायरीने. निबला दोन वेगवेगळी मापे असतात. नंबर 5 किंवा नंबर 6 हे निबच्या धडाचे माप आहे. ती कोणत्या पेनात बसेल हे त्यावरून कळते. रेघेशी त्याचा संबंध नाही. नंबर 6 ची निब एफही असते आणि बीही. रेघेची जाडी सांगतात ती ईएफ, एफ, एम, बी ही अक्षरे, अतिबारीक ते जाड अशा क्रमाने. पण या अक्षरांना सर्व कंपन्यांनी मिळून ठरवलेले माप नाही. जपानी कंपन्यांची एफ साधारणपणे युरोपीय ईएफच्या आसपास लिहिते. म्हणून "कंपनीने एफ छापले आहे, तेवढे लिहा, पुरे" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. अक्षर लिहाच, पण सोबत मोजलेली रेघ मिलिमीटरमध्ये द्या.

मोजणे अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या दाबाने चार-पाच उभ्या आणि चार-पाच आडव्या रेघा ओढा. हळूहळू ओढलेली रेघ नेहमीपेक्षा जाड येते, कारण निब एका जागी जास्त वेळ रेंगाळते आणि कागद तेवढी जास्त शाई पितो. शाई पूर्ण वाळू द्या. मग रेघांशेजारी मिलिमीटरची पट्टी सपाट ठेवून मोबाइल अगदी वरून, कागदाला समांतर धरून फोटो काढा. मोबाइल तिरका धरला तर पट्टीचा एक भाग जवळ आणि रेघ लांब असे होते, आणि माप चुकते. फोटो मोठा करून पट्टीवरचे 10 मिमी किती पिक्सेलमध्ये बसतात ते बघा. समजा 800 पिक्सेल भरले आणि रेघ 44 पिक्सेलची आहे, तर 44 भागिले 80, म्हणजे रेघ 0.55 मिमी. घरात स्कॅनर असेल तर काम आणखी सोपे: 600 डीपीआयवर एक पिक्सेल सुमारे 0.04 मिमीचा असतो.

उभी आणि आडवी रेघ वेगळी आली तर दोन्ही आकडे द्या. चपट्या टोकाच्या स्टब निबमध्ये हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. साध्या गोल टोकाच्या निबमध्ये तो ठळक दिसला, तर टोक एका बाजूने झिजले असण्याची शक्यता धरा आणि तेही लिहा.

आकड्यासोबत हस्ताक्षराचा नमुना द्या, आणि त्यात क्ष, श्र, ध, द्ध ही अक्षरे येऊ द्या. ध आणि क्षच्या गाठी भरून गेल्या की निब आपल्या अक्षरासाठी जाड आहे हे घेणाऱ्याला लगेच दिसते. नुसत्या वेटोळ्या काढून दाखवण्याने हे कधीच कळत नाही.

शाईच्या व्यवस्थेला एवढा वेळ लागत नाही. कार्ट्रिज-कन्व्हर्टरचे पेन असेल, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी किंवा दौतीतून शाई ओढणारी नळी बसणारे, तर कन्व्हर्टर सोबत देणार आहात का, आणि कार्ट्रिज सर्वत्र चालणारी की फक्त त्याच कंपनीची, एवढे स्पष्ट लिहा. मागची खुंटी फिरवून शाई ओढणारे पिस्टनचे पेन पाण्याने भरा, टोपण लावा आणि निब वर करून रात्रभर उभे ठेवा. सकाळी मागच्या फिरत्या खुंटीपाशी ओल असेल तर आतले सील गेले आहे. थेट दांडीत ड्रॉपरने शाई भरायची असेल तर शाई पुष्कळ मावते, पण शाई कमी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबमधून थेंब पडू शकतो. ही गोष्ट नोंदीत लपवू नका. आट्यांना गळती थांबवणारे सिलिकॉन ग्रीस लावले आहे का, तेही सांगा.

कागदाबाबत माझे मत ठाम आहे: "कोणत्याही कागदावर चालते" हे वाक्य कुठल्याही फाउंटन पेनला लागू पडत नाही. कागदाचे वजन वाचून अंदाज बांधणेही चूकच. टोमोए रिव्हरचा 52 जीएसएमचा पातळ कागद शाई उत्तम धरतो आणि त्याहून बराच जाड कॉपियर कागद ती फुटू देतो, कारण खरा प्रश्न कागदावर शाई शोषू न देणारा लेप कसा आहे हा असतो. शिवाय निकाल शाईवरही ठरतो. म्हणून एकाच शाईने दोन-तीन कागदांवर तोच मजकूर लिहा आणि प्रत्येकासाठी तीन गोष्टी बघा: रेघेच्या कडेला केसांसारखे तंतू फुटतात का, शाई मागे आरपार जाते का, आणि वाळायला किती सेकंद लागतात. वाळण्यासाठी एक ओळ लिहून 5, 10, 20 सेकंदांनी तिच्यावर वेगवेगळ्या ठिकाणी बोट फिरवा. मागे नुसती सावली दिसणे आणि शाई खरोखर आरपार जाणे यांत गल्लत करू नका; सावली असली तरी पानाची दुसरी बाजू वापरता येते.

हे सगळे एका नोंदीत असे बसते:

"लामी सफारी, स्टीलची निब, अक्षर एफ. मोजलेली रेघ उभी 0.55 मिमी, आडवी 0.5 मिमी. कंपनीची टी10 कार्ट्रिज चालते, झेड28 कन्व्हर्टर सोबत आहे. पकडीची जागा तिकोनी आहे, पेन वेगळ्या प्रकारे धरणाऱ्याला ती टोचू शकते. निळ्या धुता येणाऱ्या शाईने तपासले: कॉपियर कागदावर कडा किंचित फुटतात आणि मागे ठिपके येतात, गुळगुळीत वहीवर रेघ स्वच्छ, पण वाळायला 20 सेकंद. टोपणावर एक बारीक ओरखडा, फोटो 4 बघा."

शाई कोणती ते न सांगता कागदाचा निकाल लिहू नका. तीच निब दुसऱ्या, जास्त ओघवत्या शाईने भरली तर कॉपियर कागदावरचे किंचित फुटणे बरेच वाढू शकते, आणि मग घेणाऱ्याला वाटेल की पेन बिघडलेले दिले.

जेल पेनची नोंद याहून सोपी असते. त्यावरचे 0.5 किंवा 0.7 हे टोकातल्या गोळीचे माप असते. रेघ त्याहून बारीक येते, म्हणून तीही वरच्याच पद्धतीने मोजा. शाई भरण्याच्या जागी रिफिलचा क्रमांक लिहा, कारण त्याशिवाय नवी रिफिल शोधता येत नाही. कागदाच्या बाबतीत फक्त चकचकीत पानावर वाळण्याची वेळ तपासा. डावखुऱ्याच्या हाताखाली शाई फासते ती तिथेच.