देणगीच्या आवाहनावरील कार्यालयाचा पत्ता कसा पडताळावा

महाराष्ट्रातील नोंदणीकृत न्यासाच्या आवाहनपत्रावर ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि जिल्ह्याचे नाव बहुधा छापलेले असते. तो क्रमांक घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर न्यास शोधावा, किंवा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट-१ चा उतारा मागावा, कारण अधिकृत पत्ता व विश्वस्तांची नावे त्यातच असतात. पत्ता बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. मात्र अनेक प्रामाणिक संस्थाही हे काम वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवतात, त्यामुळे दोन पत्ते वेगळे दिसले म्हणून लगेच संशय घेऊ नये, बदल अर्जाची प्रत मागावी.

प्रत्यक्ष भेट कामाच्या दिवशी, न कळवता द्यावी. माझ्या एका भेटीत आवाहनावरील ‘मुख्य कार्यालय’ म्हणजे झेरॉक्सचे दुकान निघाले. संस्थेची पत्रे गल्ल्यामागच्या खोक्यात साठत होती आणि ती नेणारा माणूस दोन महिन्यांत फिरकला नव्हता. उलट, पत्ता सनदी लेखापालाच्या किंवा विश्वस्ताच्या घराचा असणे गैर नाही. तेथे पावतीपुस्तक आणि इतिवृत्तवही पाहायला मिळते का, आणि उपक्रम नेमका कुठे चालतो हे कोणी सांगू शकते का, एवढे विचारावे. गाव लांब असेल, तर त्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवावे आणि पोचपावतीवर कोणाची सही येते ते पाहावे.