टेलर आईला मेसेज शिकवताय? या चुका टाळा

घणसोलीतलं एका गाळ्याचं लेडीज टेलरिंग. मशीनवर आई, मुलगी महाप्याच्या ऑफिसात नोकरीला. गिऱ्हाइकं आता दुकानात येण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारतात, म्हणून मुलीने एका रविवारी आईच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकून दिलं, दुकानाचं नाव आणि वेळ भरली, मशीनचा फोटो लावला आणि म्हणाली, "आई, आता कुणाचा मेसेज आला की उत्तर द्यायचं, बस." नवी मुंबईत आणि ठाण्यात अशा कितीतरी मायलेकी आहेत आणि बहुतेकींचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. ॲप टाकायला पंधरा मिनिटं पुरतात. उत्तर काय द्यायचं हे शिकवायला महिना जातो, आणि तो महिना द्यायला कुणाची तयारी नसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अंगठा. या दुकानात एके दिवशी मेसेज आला: "काकू, 12 तारखेचं लग्न आहे, त्याआधी मिळेल ना? आणि मागे हा गळा होईल का?" खाली दोन फोटो. आईने फोटो पाहिले, गळा तिच्या हातचा होता, तिने 👍 पाठवला. तिच्या मनात होतं, "गळा होईल." गिऱ्हाइकाने वाचलं, "गळा होईल आणि वेळेत मिळेल." एका मेसेजमध्ये दोन प्रश्न असले की एका अंगठ्याचे, एका 'हो'चे किंवा एका 'ओके'चे दोन अर्थ होतात. दोन फोटो असतील तर कोणत्या फोटोला होकार दिला, हाही घोळ वर.

यावर उपाय एकच: जेवढे प्रश्न तेवढी उत्तरं, प्रत्येक उत्तर वेगळ्या ओळीत. फोटोबद्दल बोलायचं असेल तर त्या फोटोवर बोट ठेवून उजवीकडे सरकवायचं. मग तोच फोटो उत्तराच्या वर चिकटतो आणि कशाबद्दल बोलणं चाललंय ते दोघींनाही दिसतं. आईला अंगठा आवडत असेल तर तो ठेवा, पण पैसे मिळाल्यावर किंवा "निघाले, पोचते" याला. कापड, गळा, तारीख या तीन गोष्टींना अंगठा नाही, हा नियम मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवावा इतका महत्त्वाचा आहे.

आता त्याच ऑर्डरीचं पुढे काय झालं ते पाहा, कारण दुसरी मोठी चूक त्यातच आहे आणि ती मुलीची आहे. आई हळू टाइप करते म्हणून मुलीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आईचा नंबर जोडून घेतला होता. दुपारी त्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "कधी येऊ न्यायला?" मुलीने जेवता जेवता लिहून टाकलं, "शुक्रवारी घेऊन जा ताई." शुक्रवार म्हणजे 10 तारीख. चॅट एका ठिकाणी उघडलं की दुसरीकडेही ते वाचलेलं दिसतं, त्यामुळे आईच्या फोनवर न वाचलेल्या मेसेजचा हिरवा आकडा उरलाच नाही. आईच्या वहीत मात्र लिहिलेलं होतं: "12 लग्न, 11 ला द्यायचा."

शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाईक ऐरोलीहून दारात. ब्लाऊज कापून, बाह्या लावून झालेला. हुक, गळ्याची हातशिलाई आणि लटकन बाकी. त्यातच कळलं की शनिवारी, 11 ला, हळद आहे आणि हा ब्लाऊज हळदीलाच घालायचाय. म्हणजे वहीतली तारीखही चुकीचीच होती. आई रात्री अकरापर्यंत बसली, शनिवारी सकाळी ब्लाऊज दिला, पण ट्रायल राहून गेली. दुपारी फोन आला, दंडात बाही आवळतेय. बाहीत आत एक इंच माया ठेवलेली होती म्हणून शिलाई उसवून अर्धा इंच सोडता आली. माया नसती तर नवी बाही कापावी लागली असती, आणि कापड तर उरलेलं नव्हतं.

"तू मला विचारायचं तरी होतंस," आई म्हणाली.

"तू मशीनवर होतीस, फोन उचलला नसतास."

दोघींचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच ही चूक पुन्हा पुन्हा होते. जिच्या हातात कात्री आहे तिनेच तारीख द्यायची. मुलीने परस्पर उत्तरं देणं हा शॉर्टकट वाटतो, पण त्यात आई शिकत नाही आणि दुकानाच्या दोन वह्या होतात: एक कागदावरची, एक मुलीच्या डोक्यातली. व्हॉट्सॲपच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथून ऑफिसचा कॉम्प्युटर काढून टाका. काही कारणाने मुलीने चॅट उघडलंच, तर बाहेर येऊन त्या चॅटवर बोट दाबून धरायचं आणि ते न वाचलेलं अशी खूण करून ठेवायची. मदतच करायची असेल तर संध्याकाळी आईशेजारी बसून करा. फोन आईच्या हातात, मुलीचे हात मांडीवर. आई अक्षर शोधत असताना फोन ओढून घेण्याची जी घाई होते, ती आवरली नाही तर आईचा हात त्या कामाला कधीच बसत नाही.

या मायलेकींनी शेवटी जो क्रम बसवला तो फारच साधा आहे. मेसेज आला की आधी वही उघडायची. नाव, काम, नेसायचा दिवस, ट्रायलचा दिवस, देण्याचा दिवस असं वहीत लिहायचं, आणि मग वहीत बघून फोनवर उत्तर द्यायचं. उलट कधी नाही. वहीत ओळ नसेल तर उत्तर जात नाही. वहीतल्या ओळीचा नंबर चिठ्ठीवर लिहून ती टाचणीने कापडाला लावायची आणि तोच नंबर गिऱ्हाइकाला कळवायचा. कापड, वही आणि फोन असे एका नंबराने बांधले की रात्री कुणी "माझं कुठवर आलं?" विचारलं तरी दहा सेकंदांत उत्तर सापडतं.

नेसायचा दिवस विचारा, लग्नाचा नव्हे. आपल्याकडे, त्यातून आगरी-कोळी घरांत, हळद हाच मोठा सोहळा असतो आणि ती बहुतेक लग्नाच्या आदल्या दिवशी. "12 चं लग्न" म्हणणारीला ब्लाऊज 11 ला अंगावर हवा असतो. प्रश्न सरळ विचारायचा: "ताई, हा ब्लाऊज कोणत्या दिवशी घालणार?" त्या दिवसापासून मागे मोजायचं. दोन दिवस आधी ट्रायल, एक दिवस आधी हातात. 11 ची हळद म्हणजे 9 ला ट्रायल आणि 10 ला संध्याकाळी ब्लाऊज.

'परवा', 'पुढच्या शनिवारी', 'दोन-तीन दिवसांत' हे शब्द मेसेजमध्ये नकोत. मंगळवारी लिहिलेला 'पुढचा शनिवार' कुणाला चार दिवसांनी वाटतो, कुणाला अकरा. 'परवा' तर आपल्या भाषेत मागेही जातो आणि पुढेही. तारीख आणि वार दोन्ही लिहा, कारण एक चुकला तर दुसऱ्यावरून चूक लगेच पकडता येते.

ठरावीक उत्तरं साठवून ठेवायची सोय बिझनेस ॲपमध्ये आहे. `/` दाबलं की ती वर येतात. मुली इथे हौसेने वीस-पंचवीस उत्तरं भरतात, आईला त्यातलं एकही सापडत नाही. तीन पुरे: माप, भाव, तारीख. आणि मजकुराच्या मधोमध रिकामी जागा सोडू नका. "तुमचा ब्लाऊज ____ ला मिळेल" हे वाक्य घाईत तसंच्या तसं जातं. भरायची गोष्ट अगदी शेवटी ठेवा, म्हणजे टाइप करायची जागा आपोआप तिथेच येते:

```
ऑर्डर लिहून घेतली आहे.
येताना मापाचा ब्लाऊज आणा.
ट्रायलची तारीख आणि वार:
```

भाव विचारला की लगेच एक आकडा पाठवू नका. आधी अस्तर आहे का, साधा की कटोरी की प्रिन्सेस कट, पायपिंग आणि लटकन आपलं की तिचं, एवढं विचारा.

माप मेसेजवर घेणं ही तिसरी खोड, आणि यात अनुभवी बायकाही फसतात. "मागचा गळा 9" असा मेसेज आला तर 9 कुठून मोजले? टेलर खांद्याच्या शिलाईपासून सरळ खाली मोजते. घरी आरशासमोर उभी असलेली मुलगी मानेच्या हाडापासून मोजते, आणि ते हाड खांद्याच्या शिलाईपेक्षा खाली असतं. आकडा एकच, गळे दोन. म्हणून मापाचा ब्लाऊजच मागवा. मेसेजमधला आकडा फक्त पडताळायला वापरा, आणि तोही "खांद्याच्या शिलाईपासून ना?" असं विचारून. तरीही शंका राहिली तर गळा अर्धा इंच कमी कापा. कमी पडलेला गळा ट्रायलला खोल करता येतो, जास्त गेलेला भरून येत नाही. आकडे बोलून टाइप करू नका, बोटाने दाबा. आणि 'पावणेआठ' असं अक्षरात लिहू नका, साडेसात आणि पावणेआठ यांत गोंधळणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, 7.75 लिहा.

फोटोवर गोलात 1 दिसला तर तो एकदाच उघडतो, साठवता येत नाही आणि त्याचा स्क्रीनशॉटही निघत नाही. न उघडता "साधा फोटो पाठवा" असं सांगा. गळ्याचं चित्र मिळालं की लगेच वहीत पेनाने काढून त्यावर मापं टाका, फोन बदलला तरी ते राहतं.

लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवू नका. गर्दीच्या लोकलमध्ये ते कुणी ऐकत नाही.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसल्यावरच कापड हातात द्या. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आईला पहिल्याच दिवशी सांगा.

त्या दुकानात परवाच्या लगीनसराईत एकीचा मेसेज आला, "मावशी, 26 चं लग्न आहे, दोन ब्लाऊज होतील का? आणि फॉल-पिको पण?" आईने मशीन थांबवलं, चष्मा लावला, वही उघडली आणि एका बोटाने लिहिलं:

"दोन ब्लाऊज होतील.
फॉल-पिको होईल, साडी आधी आणा.
हळद कोणत्या तारखेला? वार पण लिहा."