बिटकॉइन डॉमिनन्स उतरला म्हणून छोटे कॉइन घेताय? या चुका टाळा

डिचोलीच्या बाजारात माझ्या मावसभावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. 2024 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिथं गेलो, तेव्हा काउंटरवर उघड्या पडलेल्या फोनच्या शेजारी त्याच्या स्वतःच्या फोनवर BTC.D चा, म्हणजे बिटकॉइन डॉमिनन्सचा चार्ट सुरू होता. नोव्हेंबरात 61 टक्क्यांवर गेलेली रेघ पंचावन्नच्या आसपास उतरली होती. "दादा, डॉमिनन्स पडतोय. पैसा बिटकॉइनमधून छोट्यांत चाललाय, आता थांबून उपयोग नाही," असं म्हणत त्यानं 2023 च्या दिवाळीत 75 हजार रुपयांना घेतलेला बिटकॉइनचा तुकडा दोन लाखांना विकला आणि ते पैसे चार-पाच छोट्या कॉइनांत घातले. एप्रिलपर्यंत त्यांचे सुमारे 75 हजार उरले होते. त्याला चार्ट वाचता येत नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यानं रेघ बरोबर पाहिली होती, पण ती रेघ काय मोजते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ही चूक मला इतक्या ठिकाणी दिसते की ती सविस्तर लिहायलाच हवी असं वाटलं.

वाटा आणि दिशा यांत गल्लत

BTC.D म्हणजे साऱ्या क्रिप्टोच्या एकूण बाजारमूल्यात बिटकॉइनचा वाटा. म्हणजे तो भागाकार आहे, आणि भागाकारातून बाजार वर चाललाय की खाली हे कळत नाही. आपल्याकडे 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि मासळीबाजारात एकूण आवकच घटते. त्या दिवसांत पाटीतल्या मासळीत खाडीच्या मासळीचा वाटा वाढलेला दिसतो, पण म्हणून खाडीत मासळी वाढली असं कोणी म्हणत नाही. समुद्रातून येणारी कमी झाली, इतकंच.

2020 च्या शेवटी याचीच दुसरी बाजू पाहायला मिळाली. सप्टेंबरात दहा हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन वर्ष संपताना जवळपास एकोणतीस हजारांवर गेला आणि डॉमिनन्स चढत 70 टक्क्यांच्या आसपास पोचला. समजा बिटकॉइनचे 60 रुपये होते आणि बाकी साऱ्यांचे 40. बिटकॉइनचे 90 झाले आणि बाकीच्यांचे 48, तर डॉमिनन्स 65 टक्के होतो. रेघ वर गेली म्हणून "छोटे कॉइन मेले" म्हणणाऱ्याला बाकीच्यांत झालेली वीस टक्के वाढ दिसतच नाही. ते मागे पडले होते, पण बुडाले नव्हते.

म्हणून BTC.D एकटा कधीच उघडू नका. शेजारी बिटकॉइनची किंमत आणि TOTAL3 ठेवा. TOTAL3 मध्ये बिटकॉइन आणि इथेरियम सोडून बाकी सगळ्यांचं मूल्य येतं. डॉमिनन्स उतरतोय, बिटकॉइन टिकून आहे किंवा सावकाश चढतोय आणि TOTAL3 त्याहून वेगानं चढतोय, तर पैसा खरोखर छोट्यांकडे जातोय. डॉमिनन्स उतरतोय पण TOTAL3 सुद्धा उतरतोय, तर तिथं फक्त बिटकॉइन जास्त पडतोय, आणि अशा वेळी छोट्यांत शिरण्यासारखं काहीच नसतं.

भागाकारात लपलेले डॉलर

दुसरी गोष्ट अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. "बाकीचे" म्हणून जे मोजलं जातं, त्यात यूएसडीटी आणि यूएसडीसीसारखी स्टेबलकॉइन येतात. ती डॉलरशी बांधलेली असल्यानं त्यांची किंमत सहसा चढतही नाही आणि पडतही नाही. बाजार घाबरला की लोक कॉइन विकून त्यांत येऊन बसतात.

पुन्हा 100 रुपयांचा बाजार घेऊ. बिटकॉइनचे 60, स्टेबलकॉइनचे 8 आणि उरलेल्या कॉइनांचे 32. आता घसरण आली. बिटकॉइन तीस टक्के पडून 42 वर आला, स्टेबलकॉइन 8 वरच राहिली आणि उरलेली कॉइनं 20 वर आली, म्हणजे साडेसदतीस टक्के पडली. एकूण बाजार 70 झाला. 42 भागिले 70 किती? बरोबर 60 टक्के. तुमच्या छोट्या कॉइनांचा एक तृतीयांशाहून जास्त पैसा गेला आणि चार्टवरची रेघ जागची हलली नाही!

हेच स्टेबलकॉइन बाजूला ठेवून मोजा. आधी 92 पैकी 60, म्हणजे 65.2 टक्के, आणि नंतर 62 पैकी 42, म्हणजे 67.7 टक्के. छोटे कॉइन बिटकॉइनपेक्षा जास्त मार खातायत हे आता दिसलं. ट्रेडिंगव्ह्यूच्या शोधपट्टीत हा भागाकार थेट लिहिता येतो:

```
CRYPTOCAP:BTC/(CRYPTOCAP:TOTAL-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC)
```

ही रेघ आणि साधी BTC.D वेगवेगळ्या दिशांना जाऊ लागल्या, की त्या दिवशी नवं काही घेऊ नये, असं माझं मत आहे. वेगवेगळ्या साइटवर डॉमिनन्सचा आकडा थोडा कमी-जास्त दिसतो, कारण प्रत्येकजण कोणती कॉइनं मोजायची ते आपापलं ठरवतो. एकच जागा धरा आणि तिथंच पाहा.

छोटे आधी का रखडतात आणि मग का उसळतात

घसरणीनंतर बाजारात परतणारा पैसा आधी बिटकॉइनमध्ये येतो. तिथं मोठी रक्कम किंमत फारशी न हलवता घालता येते आणि काढताही येते. बिटकॉइन बराच चढून दमला, की नफ्यात बसलेल्यांना जास्त परतावा हवा असतो. मग इथेरियम, त्यामागून मोठी कॉइनं आणि सगळ्यात शेवटी अगदी छोटी.

2021 मध्ये हा क्रम बराचसा दिसला. जानेवारीत 70 च्या आसपास असलेला डॉमिनन्स मेच्या मध्याला 40 च्या जवळ आला. बिटकॉइनचा त्या तेजीतला उच्चांक 14 एप्रिलचा, साधारण 64 हजार डॉलरचा. इथेरियमचा उच्चांक त्यानंतर चार आठवड्यांनी, 12 मेला आला. डोजकॉइनचा 8 मेचा, म्हणजे बिटकॉइन आधीच शिखर उतरत असताना. 19 मेला सगळंच कोसळलं. डॉमिनन्स सगळ्यात खाली दिसत होता तो काळ शेवटच्या टप्प्याचा होता, आणि नवखे नेमके तेव्हाच आत येत होते.

छोट्या कॉइनची उसळी एवढी मोठी का असते, हेही समजून घ्या. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याची किंमत गुणिले बाजारात सुटलेली सगळी नाणी. ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या मागण्यांची यादी, पातळ असेल तर थोड्याशा खरेदीनं शेवटची किंमत वर जाते आणि त्यासोबत सगळ्या नाण्यांचं मूल्य कागदावर वाढतं. तितका पैसा प्रत्यक्षात आत आलेला नसतो. विकायला निघालं की घेणारेही तितकेच थोडे असतात, म्हणून उतार चढापेक्षा वेगाचा असतो.

पण हा क्रम म्हणजे नियम नाही, आणि 2023 नंतर तर तो बराच विस्कटला. 10 जानेवारी 2024 ला अमेरिकेत शेअरसारख्या घेता येणाऱ्या स्पॉट बिटकॉइन ईटीएफला परवानगी मिळाली. त्या वाटेनं आलेला पैसा शेअरच्या खात्यात बसतो, तिथून तो सहज एखाद्या छोट्या कॉइनकडे वळत नाही. 2022 च्या अखेरीला 40 च्या आसपास असलेला डॉमिनन्स 2025 च्या जूनपर्यंत 65 च्या आसपास चढला. त्याच चढत्या काळात सोलाना मात्र 2022 च्या डिसेंबरातल्या आठ-दहा डॉलरवरून वर्षभरात शंभराच्या वर गेला होता. डॉमिनन्सची रेघ सगळ्या छोट्यांचं सरासरी चित्र दाखवते, तुमच्या हातातल्या एका कॉइनचं नाही.

त्यात नवीन नाणी बाजारात सुटतात, तो भाग वेगळाच. एखाद्या कॉइनची नाणी 100 कोटींवरून 130 कोटी झाली आणि बाजारमूल्य दहा टक्के वाढलं, तर किंमत पंधरा टक्के पडलेली असते. TOTAL3 वर चाललाय आणि आपलं कॉइन खाली, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. घेण्याआधी पुढच्या वर्षभरात किती नाणी सुटणार आहेत ते पाहून घ्या.

मावसभावाच्या चार्टवर काय दिसत होतं

आम्ही नंतर एका रविवारी बसून डिसेंबर 2024 चे चार्ट पुन्हा उघडले. बिटकॉइननं 5 डिसेंबरला पहिल्यांदा एक लाख डॉलर ओलांडले होते. डॉमिनन्सच्या घसरणीत काही मोजक्या, जुन्या आणि मोठ्या कॉइनांचा मोठा हात होता. एकटा एक्सआरपी नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या अर्ध्या डॉलरवरून महिनाभरात अडीच डॉलरपलीकडे गेला होता. म्हणजे डॉमिनन्सच्या घसरणीचा मोठा भाग झाल्यावर मावसभाऊ आत शिरला होता.

ETHBTC चा चार्ट तर आधीच सांगत होता. इथेरियमचा बिटकॉइनशी भाव 2021 च्या शेवटी 0.08 च्या वर होता, डिसेंबर 2024 मध्ये तो 0.04 च्या आसपासच अडखळला आणि एप्रिल 2025 मध्ये 0.02 च्याही खाली गेला. मधली पायरीच धरत नव्हती, तर शेवटच्या पायरीवर पैसा पोचून टिकणार कसा? डॉमिनन्स साप्ताहिक चार्टवर पाहा आणि ETHBTC निदान तीन-चार आठवडे वर टिकतोय का ते पाहा. रोजच्या चार्टवर अशा फसव्या घसरणी वारंवार येतात.

सगळ्यात जास्त झोंबला तो कराचा हिशेब. बिटकॉइन विकताना सव्वा लाखाचा नफा झाला होता. त्यावर 30 टक्के म्हणजे 37,500 आणि त्यावर चार टक्के सेस 1,500, एकूण 39,000 रुपये. विक्रीवेळी एक टक्का टीडीएस म्हणून 2,000 आधीच कापले गेले होते, ते वजा होतात. छोट्या कॉइनांत जवळपास तेवढाच तोटा झाला, पण आपल्या कायद्यात एका क्रिप्टोचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. 75 हजारांपासून निघून तो परत 75 हजारांवर आला होता आणि 37,000 रुपये भरायचे बाकी होते.

बिटकॉइनमधून छोट्यात आणि छोट्यातून परत बिटकॉइनमध्ये जाण्याचा सल्ला बहुतेक परदेशी व्हिडिओंतून येतो. आपल्याकडे नफ्यातली अशी प्रत्येक उडी कर लावून जाते. म्हणून मावसभाऊ आता हातातला बिटकॉइन विकत नाही. छोट्या कॉइनांसाठी दुकानाच्या मिळकतीतून वेगळी रक्कम काढतो, आणि तीही BTC.D, TOTAL3 आणि ETHBTC तिन्ही पैसा छोट्यांकडे चाललाय असंच सांगत असतील तेव्हाच घालतो. गेल्या वेळी भेटलो तेव्हा ती रक्कम बँकेतच पडून होती.