बेस प्लेटचे बोल्ट जास्त भाराला नाही, कमी भाराला तुटतात

तळेगाव असो, तळोजा असो की भिवंडीची गोदामं, शेडच्या कॉलमची बेस प्लेट करताना नव्या माणसाच्या हातून एकच चूक होते, आणि एक्सेल शिट पास दाखवत असल्यामुळे ती कळतही नाही. स्टाड सॉफ्टवेअरमधून सपोर्ट रिअ‍ॅक्शनचा तक्ता काढायचा, त्यातला सगळ्यात मोठा उभा भार घ्यायचा, सगळ्यात मोठं मोमेंट घ्यायचं, दोन्ही एक्सेलमध्ये टाकायचे. मोठ्यात मोठं घेतलं म्हणजे आपण सुरक्षित बाजूला, अशी समजूत. प्लेटखालच्या काँक्रीटसाठी ती चालून जाते. अँकर बोल्टसाठी ती उलटी आहे. उभा भार कॉलमला खाली दाबून धरतो, म्हणजे तो बोल्टचा मदतनीस आहे. तुम्ही तो जितका मोठा धराल तितकं बोल्टमधलं ताण-बल कमी येईल. मीही याच खड्ड्यात पडलोय, म्हणून बाकीचं भरभर सांगून इथे थांबणार आहे.

एक कॉलम घेऊ. वेल्डेड आय सेक्शन, खोली ४०० मिमी, फ्लँज २५० रुंद. प्लेट ७०० × ४००, पेडेस्टल एम २५. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्ट, प्लेटच्या कडेपासून ७५ मिमी आत, आपसात १५० मिमी अंतरावर. पायथ्याला मृत भार ९० किलोन्यूटन, छपरावरचा लाइव्ह लोड ६०. वारा छप्पर वर उचलतो, त्याचे ३० वर, आणि वाऱ्याचं मोमेंट ६० किलोन्यूटन-मीटर. मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे ४४ मीटर प्रति सेकंद, आणि शेडचं मोठं दार उघडं राहिलं तर आतला दाब छपराला आणखी वर ढकलतो, म्हणून हे उचलणं कागदी समजू नका. गणित सुटसुटीत राहावं म्हणून मृत आणि लाइव्ह भाराचं मोमेंट सोडून दिलंय; खऱ्या पोर्टल फ्रेममध्ये ते असतं, ते सोडू नका.

आता आयएस ८०० च्या तक्ता ४ मधली जोडणी लावा. १.५ (मृत + लाइव्ह) ला भार २२५, मोमेंट शून्य. १.२ (मृत + लाइव्ह + वारा) ला भार १४४, मोमेंट ७२. १.५ (मृत + वारा) ला भार ९०, मोमेंट ९०. आणि ०.९ मृत + १.५ वारा याला भार ८१ वजा ४५, म्हणजे फक्त ३६, मोमेंट तेच ९०.

शेवटची ओळ नीट पाहा. ०.९ चा अर्थ असा की मृत भार इथे मदत करतोय, तेव्हा त्याच्यावर पूर्ण विसंबायचं नाही. म्हणून ज्याची खात्री आहे तेवढंच वजन या ओळीत घ्या. नंतर कधीतरी येणारं फॉल्स सीलिंग, डक्ट, सोलर पॅनेल हे दाबून धरायला मोजू नका. ते आलेच नाहीत तर बोल्टला कोण वाचवणार?

बोल्टमधलं बल काढायला काँक्रीटवरचा दाब आयताकृती ठोकळ्यासारखा धरू, ०.४५ एफसीके, म्हणजे ११.२५ न्यूटन प्रति चौरस मिमी. पेडेस्टल प्लेटपेक्षा मोठं असल्याचा फायदा आयएस ४५६ देतं, तो इथे घेत नाही. ४०० रुंदीला हा दाब ४.५ किलोन्यूटन प्रति मिमी. ताणातल्या बोल्टभोवती मोमेंट घेतलं की,

```
N·f + M = p·Y·(d − Y/2)
T = p·Y − N
```

इथे N म्हणजे उभा भार, M म्हणजे मोमेंट, p म्हणजे वरचा ४.५ चा दाब, T म्हणजे बोल्टमधला एकूण ताण, f म्हणजे प्लेटच्या मध्यापासून बोल्टपर्यंत २७५, d म्हणजे दाबाच्या बाजूच्या कडेपासून बोल्टपर्यंत ६२५, आणि Y दाबाच्या पट्ट्याची लांबी.

आधी चुकीची जोडी, २२५ आणि ९०. Y येतो ५६.६ मिमी, दाब २५४.५, ताण २९.५ किलोन्यूटन. दोन बोल्टमध्ये वाटून प्रत्येकी १५ च्या आत. ग्रेड ४.६ चा एम १६ बोल्ट सुमारे ४४ झेलतो, म्हणजे तिप्पट भरपूर. ड्रॉइंगवर एम १६ येतो, तपासणारा मान हलवतो, आणि तो शिट पुढच्या तीन कामांना टेम्पलेट म्हणून वापरला जातो.

आता खरी ओळ, ३६ आणि ९०. Y ३६.६ मिमी, दाब १६४.७, ताण १२८.७ किलोन्यूटन. प्रत्येक बोल्टला ६४. तोच एम १६ आता आपल्या ताकदीच्या जवळजवळ दीडपट ओढला जातो. मोमेंट तेच आहे, काँक्रीट, प्लेट, बोल्ट सगळं तेच. फक्त भार कमी झाला आणि ताण चौपटीपेक्षा जास्त झाला. मूळ गंमत अशी की २२५ आणि ९० ही जोडी एकाच वेळी कधी येतच नाही. ती दोन वेगवेगळ्या ओळींतून उचललेली आहे. तुमची एक्सेल शिट हे कधीच सांगणार नाही, कारण तिला दोन आकडे दिलेत, ओळ दिलेली नाही.

म्हणून सवय लावा: आकडा नाही, पूर्ण ओळ उचलायची. स्टाडमध्ये एन्व्हेलपचा सारांश दिसायला छान असतो, पण बेस प्लेटसाठी तो बंद ठेवा. प्रत्येक सपोर्टची FY, म्हणजे उभी रिअ‍ॅक्शन, कमीत कमीकडून लावा, वरच्या ओळी त्यांच्या त्यांच्या मोमेंटसकट घ्या, आणि नंतर मोमेंट जास्तीत जास्त असलेल्या ओळी त्यांच्या त्यांच्या FY सकट. FY ची खूण बघा. उलट दिशेचा आकडा निघाला तर कॉलम खरोखर वर उचलला जातोय आणि N त्याच्या उणे खुणेसकटच सूत्रात जातो. ‘मागच्या जॉबला एम २० चालला होता’ हे कोणी म्हणालं तर त्या जॉबचा कमीत कमी FY विचारा. आकडा मिळाला तर तो मनुष्य धरून ठेवण्यासारखा आहे.

घाबरण्याचं कारण मात्र नाही, ओळ बरोबर निवडली की पुढचं डिझाइन अवघड नसतं. एम २० ची ताकद ६८.५ किलोन्यूटन येते, म्हणजे ६४ ला कागदावर पास. मी एम २४ घेईन, त्याची ९८.६ आहे. साइटवर बोल्ट पाच-दहा मिमी सरकलेले असतात, भोकं गॅसने वाढवलेली असतात, आणि साडेचार किलोन्यूटनच्या शिल्लकीत हे सगळं मावत नाही.

प्लेटच्या जाडीत दुसरी फसगत आहे. बोल्टकडून विचार केला तर फ्लँजपासून बोल्टपर्यंतचा हात ७५ मिमी, मोमेंट ९.६५ किलोन्यूटन-मीटर, ४५ अंशांत पसरून दोन बोल्टांची परिणामकारक रुंदी ३०० मिमी. प्लेटच्या पोलादाची यील्ड स्ट्रेंथ २४० धरून जाडी २७ च्या वर जाते, म्हणजे २८. इथेच थांबलात तर चूक. दाबाच्या बाजूला प्लेट फ्लँजच्या बाहेर १५० मिमी लोंबते आणि पट्टा अगदी कडेला बसलेला असतो. ९० आणि ९० च्या ओळीत दाब १९० किलोन्यूटन, हात १२९ मिमी, मोमेंट साडेचोवीस. जाडी सुमारे ३८, म्हणजे ४० मिमी प्लेट. बोल्टला ठरवणारी ओळ वेगळी, प्लेटला ठरवणारी वेगळी. आणि ज्या २२५ ला आपण सगळ्यात भीतीने पाहत होतो, त्याने काहीच ठरवलं नाही. ४० मिमी जड वाटत असेल तर फ्लँजच्या बाहेर गसेट घ्या, पण मग वेल्ड आणि गसेट दोन्ही तपासा. प्लेट लांबवून बोल्टचा हात वाढवण्याचा मोह आवरा. दाबाच्या बाजूचा हातही सोबत वाढतो.

बोल्ट टिकला, पण काँक्रीटमधून निसटला तर? साध्या जे बोल्टचा हूक ताणाखाली सरळ होऊ लागतो. मोमेंटच्या पायथ्याला खाली नट आणि वॉशर प्लेट असलेला सरळ बोल्ट मागा. पेडेस्टल अरुंद असतं, काँक्रीटचा शंकू पूर्ण तयारच होत नाही. म्हणून १२८.७ चा ताण पेडेस्टलच्या उभ्या सळ्यांनी घ्यायचा. एफई ५०० ला ०.८७ गुणून २९६ चौरस मिमी लागतं, म्हणजे त्या बाजूच्या तीन १२ मिमी सळ्या पुरतात. पण त्यांना तडा जाणाऱ्या रेषेच्या वर पूर्ण विकास लांबी हवी. एम २५ मध्ये १२ मिमीला ती ५८३. वर ५० मिमी आच्छादन, आणि बोल्ट-सळीच्या ७५ मिमी आडव्या अंतरासाठी आणखी सुमारे ५०. बोल्टची काँक्रीटमधली लांबी ६८३, म्हणजे ७०० घ्या. ‘२४ व्यास’ हा पाठ केलेला नियम ५७६ वर थांबतो. सळी १६ ची असेल तर विकास लांबी ७७७ होते आणि बोल्टही तेवढा खाली जातो. जाड सळी म्हणजे जास्त सुरक्षित हा हिशेब इथे चालत नाही. तडा-रेषेच्या खालीही तीच लांबी मिळते का, तेही पाहा.

आडव्या बलाबद्दल एवढंच: ३६ किलोन्यूटनच्या भारावर घर्षण ०.३ ने ११ च्या आत येतं. बेस शिअर ३० असेल तर प्लेटखाली शिअर की द्या आणि तिच्यासाठी पेडेस्टलमध्ये खिसा ठेवायला ड्रॉइंगवर लिहा, नाहीतर साइटवर ती कापून टाकतात.

साइटवर दोनच गोष्टी बघून या. बोल्ट टेम्पलेटमध्ये नटांनी वर-खाली आवळून पकडलेत ना, आणि काँक्रीट ओतताना धाग्यांवर टेप व ग्रीस आहे ना. मेमध्ये ओतलेलं पेडेस्टल जूनमध्ये उघडं राहिलं तर आपल्या हवेत धागा गंजतो, मग नट बळजबरीने चढवला जातो आणि वेळ आली की धागाच निघतो. आकुंचन न होणारं ग्राउट कॉलम उभा केल्यावर लगेच भरा. तोवर कॉलम पॅकिंग प्लेटांवर उभा असतो, छपराचं वजन आलेलं नसतं, आणि मान्सूनपूर्वीच्या वादळात तीच ०.९ ची ओळ, पण त्याहून हलकी, पत्रे चढण्याआधीच येते. म्हणून ब्रेसिंग आणि दोर आधी, ताठ उभा कॉलम बघून समाधान नंतर.